दर तिसरा गुच्छ काळा: व्होल्टेजच्या असमतोलाने मोटर कशी जळते

अंबडच्या एमआयडीसीत मोटर भरणाऱ्या एका दादांच्या टेबलावर साडेसात एचपीची मोटर उघडून ठेवली होती. एंड कव्हर काढलं की कॉइलची डोकी दिसतात, दोऱ्याने बांधलेली, वॉर्निश पाजलेली. चार पोलच्या या मोटरमध्ये ती बारा गुच्छांत होती, प्रत्येक फेजचे चार. त्यातले चार गुच्छ कोळशासारखे काळे पडले होते आणि मधले आठ अजून मधाच्या रंगाचे होते. एक काळा, दोन चांगले, एक काळा, दोन चांगले, असं सगळ्या चक्राभर.

दादा म्हणाले, "साहेब, ही तिसऱ्यांदा आलीय. दर वेळी दहा-अकरा महिन्यांनी येते आणि दर वेळी हेच चार काळे. मालकीणबाई म्हणतात मी तार हलकी भरतो."

तार हलकी असती तर बाराही गुच्छ सारखेच करपले असते. बेअरिंग जाम होऊन किंवा लोड वाढून मोटर जळते तेव्हाही तसंच होतं, कारण ताण तिन्ही फेजवर सारखा पडतो. तिन्ही वायंडिंग त्रिकोणात जोडलेल्या, म्हणजे डेल्टा जोडणीच्या मोटरमध्ये एकाच फेजचे गुच्छ काळे असतील तर गुन्हेगार बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात असतो. एक फेज पूर्ण गेला असेल, किंवा तिन्ही फेज हजर असूनही त्यांचं व्होल्टेज सारखं नसेल. फेज जातो तेव्हा मोटर गुणगुणते आणि काही मिनिटांत धूर निघतो. दहा महिने शांतपणे चालून जळणारी मोटर बहुधा दुसऱ्या प्रकारातली असते. हा दुसरा प्रकार फार कमी लोक तपासतात, म्हणून या एकाच मोटरची गोष्ट पुरती सांगतो.

ही मोटर पावडर कोटिंगच्या एका छोट्या कारखान्यात भट्टीतली गरम हवा फिरवणाऱ्या ब्लोअरवर होती. दिवसाला अठरा तास, पूर्ण लोडवर. नवी भरलेली मोटर बसवल्यावर मी मीटर घेऊन गेलो आणि मोटरच्या टर्मिनलवर तिन्ही जोड्यांमधलं व्होल्टेज मोजलं. लाल-पिवळा ४१५, पिवळा-निळा ४०३, निळा-लाल ३९४. कारखान्याच्या मालकीण, ताई, शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिन्ही चारशेच्या आसपास आहेत की!" दहा-वीस व्होल्टचा फरक कोणालाही किरकोळच वाटेल. तो किरकोळ नाही, हे समजायला आधी एक सोपा हिशेब करावा लागतो.

तिन्ही आकड्यांची सरासरी काढायची: ४०४. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा कोणता, ते पाहायचं: ४१५, म्हणजे ११ व्होल्ट लांब. त्या ११ ला ४०४ ने भागून शंभरने गुणायचं. उत्तर येतं २.७ टक्के. मोटरींसाठी अमेरिकेतल्या नेमा संघटनेच्या मानकात असमतोल असाच मोजतात. मोजताना तिन्ही वाचनं एकाच मीटरने आणि लागोपाठ घ्यावीत, कारण व्होल्टेज सतत हलत असतं. एक वाचन आत्ता आणि दुसरं चहानंतर घेतलं तर त्या टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

मग क्लॅम्प मीटरने करंट पाहिला. लालवर १२.२ अँपिअर, पिवळ्यावर ११.६, निळ्यावर ९.२. सरासरी बरोबर ११, आणि मोटरच्या पाटीवरही ११ च लिहिलेलं. सरासरी पाहणारा माणूस इथेच समाधानाने मीटर मिटेल. पण व्होल्टेजचाच हिशेब करंटला लावला तर असमतोल १६ टक्क्यांच्या वर जातो. व्होल्टेजमध्ये पावणेतीन टक्के, करंटमध्ये सोळा! हे सहापट कुठून आलं, हाच या विषयाचा गाभा आहे.

तीन फेजचं व्होल्टेज अगदी सारखं असतं तेव्हा मोटरच्या आत एकच चुंबकीय क्षेत्र गोल फिरत असतं. चार पोलच्या मोटरमध्ये मिनिटाला १५०० फेरे. मोटरचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, त्याच्या मागे मागे, थोडा कमी वेगाने फिरतो, समजा १४५०. व्होल्टेज असमान झालं की या मुख्य क्षेत्रासोबत दुसरं एक छोटं क्षेत्र तयार होतं, आणि ते उलट दिशेने फिरतं. तेही १५०० च्याच वेगाने. आपल्या मोटरमध्ये त्याचा जोर मुख्य क्षेत्राच्या तीनेक टक्केच होता.

आता रोटरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मुंबई-आग्रा महामार्गावर तुम्ही ताशी ६० ने चालला आहात आणि शेजारून एसटी ६२ ने जातेय. ती तुम्हाला जवळजवळ स्थिरच भासते. तेवढ्यात एखादी गाडी तुमच्याच लेनमध्ये उलटी आली तर ती अंगावर १२० ने आल्यासारखी येते. मोटरमध्ये हेच होतं. मुख्य क्षेत्र रोटरच्या फक्त ५० फेरे पुढे असतं, म्हणून रोटरमध्ये गरजेपुरताच करंट निर्माण होतो. उलट्या क्षेत्राशी मात्र रोटरची गाठ २९५० फेऱ्यांच्या फरकाने पडते.

मोटर सुरू करताना काय होतं ते आठवा. रोटर उभा असतो, क्षेत्र त्याला पूर्ण वेगाने ओलांडत असतं आणि मोटर पाटीवरच्या सहापट करंट ओढते. वेग पकडला की करंट खाली येतो. उलट्या क्षेत्राच्या बाबतीत रोटर कधी वेग पकडतच नाही, कारण तो विरुद्ध दिशेला पळत असतो. त्यामुळे त्या छोट्या क्षेत्रापुरती मोटर दिवसभर स्टार्टिंगच्याच अवस्थेत राहते. तीन टक्के उलटं व्होल्टेज, गुणिले साधारण सहा, म्हणजे सतरा-अठरा टक्के उलटा करंट. त्याने उपयोगाचं काम काहीच होत नाही, उलट रोटरला थोडं मागेच ओढलं जातं. उरते ती उष्णता.

रोटरमध्ये तर ही उष्णता आणखी वाढते. मुख्य क्षेत्रामुळे रोटरच्या सळ्यांमध्ये सेकंदाला दोनच्या आत आवर्तनं असलेला संथ करंट वाहतो आणि तो पूर्ण सळीभर पसरतो. उलट्या क्षेत्रामुळे येणारा करंट जवळजवळ १०० आवर्तनांचा असतो. एवढा जलद करंट सळीच्या वरच्या कडेला गोळा होतो, वाट अरुंद होते आणि त्याच्यापुरता सळीचा रोध वाढतो. रोटर आपल्याला दिसत नाही, त्याची ताप मोजणारं काही आपण लावत नाही, पण ती ताप शाफ्टमधून बेअरिंगच्या ग्रीसपर्यंत जाते.

कॉइल भरलेल्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, हा उलटा करंट तिन्ही फेजवर सारखा बसत नाही. एका फेजमध्ये तो मूळ करंटला भर घालतो, दुसऱ्यात त्यातून वजा होतो. आणि डेल्टा मोटरमध्ये एक फसगत आहे, जी मी अनुभवी वायरमनकडूनही होताना पाहिली आहे. क्लॅम्प मीटर आपण बाहेरच्या वायरला लावतो, पण ती वायर आत दोन वायंडिंगना मिळून करंट देत असते. बाहेर लालवर सरासरीपेक्षा ११ टक्के जास्त दिसत होतं. आतला हिशेब मांडला तर लाल-पिवळ्यामधल्या वायंडिंगमध्ये, म्हणजे ज्याच्यावर ४१५ व्होल्ट होते त्यात, करंट सुमारे १७ टक्के जास्त निघतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.१७ चा वर्ग १.३७, म्हणजे त्या एका फेजच्या तारेत ३७ टक्के जास्त उष्णता. दादांच्या टेबलावरचे चार काळे गुच्छ याच फेजचे होते.

३७ टक्के उष्णता जास्त म्हणून तापमानवाढही ३७ टक्के जास्त होते, असं मात्र नाही. शेजारचे गार गुच्छ आणि लोखंडाचा गाभा त्यातली बरीच उष्णता वाटून घेतात. प्रत्यक्ष तापमानासाठी वापरात असलेला ढोबळ नियम असा: असमतोलाच्या टक्केवारीचा वर्ग करा आणि दोनने गुणा, तेवढे टक्के सर्वात जास्त तापणाऱ्या फेजची तापमानवाढ वाढते. आपल्याकडे २.७ चा वर्ग साडेसातच्या आत-बाहेर, त्याची दुप्पट १५. समतोल व्होल्टेजवर पूर्ण लोडला ही मोटर भोवतालच्या हवेपेक्षा ८० अंशांनी तापते असं धरलं, तर ८० चे १५ टक्के म्हणजे १२ अंश आणखी.

बारा अंश ऐकायला कमी वाटतात. जुन्या धाटणीच्या या मोटरच्या पाटीवर इन्सुलेशन क्लास बी होता. तिचं गणित ४० अंश भोवतालच्या हवेवर मांडलेलं असतं, म्हणजे ४० अधिक ८०, एकूण १२०. अगदी आतल्या गरम जागेसाठी आणखी दहा ठेवून क्लास बीची १३० ही मर्यादा येते. भट्टीशेजारी मोटरभोवतीची हवा मी मोजली तेव्हा ४६ अंश होती. सहा हवेचे आणि बारा असमतोलाचे, असे अठरा अंश मर्यादेच्या वर. इन्सुलेशनचा अंगठेनियम सांगतो की दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. क्लासच्या मर्यादेला साधारण २०,००० तास धरायची प्रथा आहे. अठरा अंश वर गेलं की त्यातले पावणेसहा हजार तासही उरत नाहीत. रोज अठरा तास चालणाऱ्या मोटरला ते दहा-अकरा महिने पुरतात. दादांनी सांगितलेला काळ हाच होता. असा हिशेब नेहमी इतका चपखल बसत नाही, कारण धूळ, ओल, स्टार्टिंगची संख्या या सगळ्यांचा वाटा असतो. पण मोटर का जळतेय याचा पत्ता त्यातून नक्की लागतो.

मग करंट वाढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले काय करत होता? पाटीवर ११ आणि रिलेही ११ वर ठेवला, तर सर्वात जास्त लाइन करंट त्याच्या १.११ पट होता. थर्मल रिलेच्या मानकाप्रमाणे १.०५ पटीला त्याने दोन तासांत पडायचं नसतं आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत पडायलाच हवं. १.११ या दोहोंच्या मध्ये येतं. तिथे एखादा रिले पडतो, एखादा पडत नाही. इथला पडत होता, एप्रिल-मेच्या दुपारी. सारखं रीसेट करावं लागतं म्हणून कोणीतरी त्याचा डायल फिरवून १३ वर नेला होता. मोटरने वर्षभर दिलेली एकमेव तक्रार त्या दिवशी बंद झाली. स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटरही होता, पण तो फेज गेला किंवा फारच मोठा फरक पडला तरच काम करणारा होता. पावणेतीन टक्के त्याच्या लेखी सगळं ठीक.

दोष पुरवठ्यातच आहे आणि नव्या वायंडिंगमध्ये नाही, हे ताईंना डोळ्यांनी दाखवणं गरजेचं होतं, कारण ठपका दादांवर आला होता. त्यासाठी एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. मेन बंद करून स्टार्टरवरच्या मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवायच्या. लालवरची पिवळ्यावर, पिवळ्यावरची निळ्यावर, निळ्यावरची लालवर. तिन्ही सरकवल्या तर मोटरची फिरण्याची दिशा बदलत नाही. फक्त दोनच अदलाबदल केल्या तर ती उलटी फिरेल. मग पुन्हा करंट मोजायचा. कमी करंट मोटरच्या त्याच वायरीसोबत सरकला तर दोष मोटरमध्ये. तो पुरवठ्याच्या त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात. आम्ही वायरी सरकवल्या आणि निळ्यावर पुन्हा ९ च्या थोडं वर आलं. दादांनी काही न बोलता ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "मग आता मागे मागे जाऊन बघू या."

मागे जाणं म्हणजे मोटरपासून मीटरच्या दिशेने प्रत्येक टप्पा तपासणं. दोन टप्प्यांत उत्तर मिळालं. भट्टीचे हीटर १२ किलोवॅटच्या तीन संचांत डेल्टात जोडलेले होते, आणि लाल-पिवळ्यामधला संच जळून बंद पडला होता. भट्टी तापायला वेळ लागतोय हे सगळ्यांना माहीत होतं, पण पावडर बेक होत होती म्हणून कोणी हात लावला नव्हता. एक संच गेल्यामुळे लाल आणि पिवळ्या लाइनवरचा भट्टीचा भार २९ अँपिअरवर आला, निळ्यावर मात्र पूर्वीसारखा ५० च राहिला. भार कमी म्हणून लाल-पिवळ्यामधलं व्होल्टेज उंच राहिलं. ब्लोअरचं वायंडिंग मरत होतं त्याचं एक कारण शेजारचा मेलेला हीटर होता.

दुसरं कारण निळ्या लाइनवरच मेन स्विचमध्ये सापडलं. चालू लोडवर मीटरचा एक प्रोब स्विचच्या आधी आणि दुसरा स्विचनंतर, एकाच फेजवर, लावला. हे काम जिवंत पॅनेलवर असतं, ते हातमोजे घालणाऱ्या परवानाधारक माणसानेच करावं. लालवर आणि पिवळ्यावर ०.२ व्होल्ट आले. निळ्यावर ५. पन्नास अँपिअर गुणिले पाच व्होल्ट म्हणजे अडीचशे वॉट एका सांध्यात जळत होते. मेन बंद करून वायरच्या टोकाचा लग सोडला तेव्हा त्याच्या मुळाशी वायरचं प्लॅस्टिक बोटभर तपकिरी होऊन कडक झालेलं होतं, आणि बोल्ट हाताने फिरत होता.

लग नवा मारला, सांधा घासून घट्ट केला आणि हीटरचा संच बदलला. पुन्हा मोटरवर मोजलं: ४१०, ४०६, ४००. असमतोल २.७ वरून १.३ वर आला, करंट ११.४, ११.५ आणि १०.१. आता तापमानाचा नियम लावून पाहा. १.३ चा वर्ग पावणेदोनच्या आत, दुप्पट साडेतीन टक्के, म्हणजे ८० वर जेमतेम तीन अंश. असमतोल निम्मा झाला आणि जादा ताप बारावरून तीनवर, म्हणजे चौथ्या हिश्शावर आली. वर्गाचा नियम जळतानाही असाच वागतो. एक टक्क्याला जवळपास काही होत नाही, तीनला मोटर त्रासते, पाचच्या वर चालवूच नये असं नेमाचं मानक सांगतं.

असमतोल हटवता आलाच नसता तर? तेव्हा मोटरकडून काम कमी घ्यायचं, यालाच डिरेटिंग म्हणतात. नेमाच्या आलेखात एक टक्क्यापर्यंत मोटरला पूर्ण लोड देता येतो, दोन टक्क्यांना साधारण ०.९५, तीनला ०.८८ च्या आसपास आणि पाचला ०.७५. २.७ टक्क्यांना ०.९ धरता येतं, म्हणजे साडेसात एचपीची मोटर पावणेसात एचपीची समजायची. म्हणून पुढच्या मापाची मोटर घ्यावी असं नाही. ब्लोअरची शक्ती वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे वेग साडेतीन टक्के कमी केला तरी लोड दहा टक्के उतरतो. मोटरवरची पुली १५० मिलिमीटरची असेल तर १४५ ची बसवली की काम झालं. हवा तेवढीच साडेतीन टक्के कमी मिळते. पंपाला किंवा पिस्टन कॉम्प्रेसरला हेच गणित जसंच्या तसं लागू नाही. पिस्टन कॉम्प्रेसरची शक्ती वेगाच्या सरळ प्रमाणात उतरते, म्हणून तिथे पुली जास्त बदलावी लागते.

ताईंनी रिलेचा डायल माझ्यासमोर ११ वर आणला. शिवाय भट्टीच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावून मोटरभोवतीची हवा थंड करायचं ठरलं, कारण ते सहा अंश अजून तिथेच होते.

उरलेला १.३ टक्का कुठून येतो तेही आम्ही पाहिलं. सगळं लोड बंद करून फक्त येणाऱ्या केबलवर मोजलं तेव्हा ४१९, ४१७ आणि ४१३ आलं, म्हणजे ०.८ टक्के. हा बाहेरचा वाटा. ताईंनी एका वहीत रोज चार वेळा ही तीन वाचनं लिहायला सुरुवात केली आहे: सकाळी आठला, दुपारी दोनला, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला, स्वतःचं लोड चालू होतं की बंद याच्या नोंदीसह. कोणत्या तासाला बाहेरचा आकडा एक टक्का ओलांडतो ते महिनाभरात कळेल, आणि वीज कंपनीकडे अर्ज न्यायचा झाला तर त्याला हीच वही जोडायची आहे.